नॅनो इन्फ्लुएन्सरमार्फत प्रचार

साधारण हजार ते दहा हजार फॉलोअर असलेल्या स्थानिक क्रिएटरकडून लोकांना वस्तूची ओळख करून देण्याच्या पद्धतीला हे नाव आहे. ही आकड्यांची सीमा सैल असून ती प्रत्येक जण वेगळी आखतो. निवड करताना फॉलोअरच्या संख्येपेक्षा ते कोणत्या शहरातले आहेत हे महत्त्वाचे असते. क्रिएटरकडून इनसाइट्सचा, म्हणजे त्याच्या खात्याच्या प्रेक्षकांच्या आकडेवारीचा, स्क्रीनशॉट मागितला की ते कळते. माल पोचवता येत नाही अशा गावातले व्ह्यूज उत्पादकाच्या उपयोगाचे नसतात.

नुसता नमुना पाठवणे आणि काम सांगणे यांतला फरक आधी स्पष्ट करावा लागतो. अट न घालता पाठवलेल्या नमुन्यावर रील येईलच असे नाही, आणि आले नाही तर तगादाही लावता येत नाही. किती रील, कोणत्या तारखेला, कोणता मुद्दा हे ठरवले की ते काम झाले आणि त्याला पैसे पडतात. ‘वस्तू दिली ना’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, कारण चित्रीकरण आणि संपादनात क्रिएटरचा दिवस जातो. तेच रील उत्पादक स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असेल, तर त्याचे मानधन आणि मुदत वेगळी ठरते. फुकट मिळालेली वस्तूही प्रेक्षकांना सांगावी लागते. भारतातील जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तसे म्हटले आहे.

मोजमापासाठी प्रत्येक क्रिएटरला वेगळा कूपन कोड देतात. मात्र कोडवरच्या ऑर्डर म्हणजे थेट यश नव्हे. समजा, एका साबणाच्या प्रचारात क्रिएटरचे मानधन, नमुना आणि कुरिअर मिळून 25 साबणांच्या नफ्याइतका खर्च झाला. नफा विक्रीकिमतीच्या 40 टक्के आहे आणि कोडवर 10 टक्के सूट आहे. म्हणजे कोडवरच्या प्रत्येक विक्रीत पाव नफा सुटीत जातो. कोडवर 38 साबण गेले, पण त्यांतले 9 जुन्याच ग्राहकांनी घेतले. ते तसेही घेणार होते, त्यामुळे तिथे फक्त सूट गेली. उरलेल्या 29 साबणांतून 22 साबणांचा नफा येतो आणि जुन्यांना दिलेली सूट वजा केली की जेमतेम 20 उरतो. इथवर हा व्यवहार तोट्याचा आहे.

पण ऑर्डर घेताना ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ असे विचारले असेल, तर कोड विसरलेलेही सापडतात. अशा 8 नव्या ग्राहकांनी पूर्ण किमतीत एकेक साबण घेतला असेल, तर बेरीज 28 वर जाते आणि खर्च निघतो. म्हणून हा एक प्रश्न विचारायला चुकू नये.

कोड कूपनच्या संकेतस्थळावर फुटला की हा हिशेबच बिघडतो. रील जुने झाले असताना, क्रिएटरच्या गावाबाहेरून एकाएकी ऑर्डर येऊ लागल्या, की कोड फुटल्याचा संशय घ्यावा आणि तो बंद करून नवा द्यावा.