दम टिकतो, नडगी दुखते

माझ्या धाकट्या बहिणीने जुलैत पळायला सुरुवात केली, ती पणजीला, कांपालच्या फुटपाथवर. दहा किलोमीटरसाठी मी तिला चौदा आठवडे आखून दिले होते. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी पळायचं, बाकी दिवस विश्रांती किंवा साधं चालणं. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. पाचव्या आठवड्यात चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, सहा वेळा. वेग इतकाच, की पळता पळता एक अख्खं वाक्य बोलता यावं.

पाचव्या रविवारी तिने ठरलेलं सोडून मिरामारच्या वाळूवर सलग पाच किलोमीटर मारले. "ताई, दमच लागला नाही गं, मग थांबू कशाला?"

खरी मेख इथेच आहे. पळायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि दम टिकू लागतो. हाडाचं तसं नसतं. वाढलेला भार पेलण्यासाठी ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरायला तीनेक आठवडे लागतात, भरायला काही महिने. म्हणजे दम चांगला झालेला असतो नेमक्या त्याच दिवसांत नडगीचं हाड तात्पुरतं कच्चं असतं. विश्रांतीचे दिवस या भरणीसाठी असतात. त्यात किनाऱ्याची वाळू समुद्राकडे उतरती, त्यामुळे दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाही.

सोमवारी तिची नडगी आतल्या कडेने दुखू लागली. मी बोटाने दाबून पाहिलं. दुखणं वीतभर पसरलेलं होतं, म्हणजे बहुधा हाडाला लागून असलेल्या भागाची सूज. एकाच बिंदूवर कळ येत असती, रात्री पडल्यावरही ठणकत असतं, तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घेऊन तिला थेट डॉक्टरकडे नेलं असतं. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बरेचदा दिसतही नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखत असताना पळायचं नाही.

दोन आठवडे पळणं बंद. अर्धा तास भरभर चालून दुखेना, त्याच पायावर दहा उड्या मारूनही दुखेना, तेव्हा तिला परत तिसऱ्या आठवड्याच्या वेळापत्रकावर आणलं. ती चिडली, पण ऐकलं. पुढे चवथीला आठवडाभर घरात पाहुणे, पळणं शून्य. त्याची मला काळजी वाटली नाही, एवढ्याने दम फारसा उतरत नाही. चुकलेला आठवडा फक्त पुन्हा केला, दुप्पट पळून भरून काढला नाही.

चौदाचे वीस आठवडे झाले. नोव्हेंबरात ती कांपालहून दोनापावलाकडे निघाली आणि मध्ये चार वेळा मिनिटभर चालत दहा किलोमीटर पुरे करून आली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरल्या होत्या. नडगी मी दाबून पाहिली, दुखत नव्हती.