अर्धा नाईटसूट आणि पहिली भेट

नायक-नायिकेची पहिली भेट गमतीशीर योगायोगाने घडवायची, ही युक्ती हॉलिवूडने शोधली असं नाही. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत नृत्याच्या मेळाव्यात डार्सी एलिझाबेथला ऐकू जाईल असा तिला नावं ठेवतो, आणि तिथून पुढचं सगळं घडतं. पण तिला मीट-क्यूट हे नाव आणि ठरीव साचा मिळाला तो तीस-चाळीसच्या दशकातल्या स्टुडिओंत. १९३४ पासून तिथे सेन्सॉरचे नियम कडक झाले. पडद्यावर जवळीक दाखवायची सोय उरली नाही, मग सगळी ओढ चटपटीत संवादांत आणि वस्तूंत आणावी लागली.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे १९३८ चा 'ब्लूबिअर्ड्स एट्थ वाइफ'. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच, लेखक बिली वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेट. अमेरिकन लक्षाधीश नीसमधल्या एका मोठ्या दुकानात नाईटसूटचा फक्त वरचा भाग मागतो. विजार घालून झोपत नाही, तर तिचे पैसे का द्यायचे, असा त्याचा सरळ हिशेब. दुकान अर्धा सूट द्यायला तयार नाही. वाद चिघळत असताना एक अनोळखी तरुणी म्हणते, विजार मी घेते.

दोघं धडपडून एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत, हे मला या प्रसंगात विशेष आवडतं. दोघांनाही आधीच काहीतरी हवं आहे आणि त्यातूनच ती बोलू लागतात. शिवाय कोण कसं झोपतं, ही खाजगी गोष्ट भर दुकानात चारचौघांत उघड होते, तरी सेन्सॉरला बोट ठेवायला जागा नाही. त्याचा घासाघीस करण्याचा स्वभावही इथेच कळतो. पुढे हा सात लग्नं केलेला गृहस्थ त्या तरुणीशी लग्नाचाही व्यवहार करू पाहतो, तेव्हा ते ओढूनताणून वाटत नाही.

वाइल्डरने पुढे एका मुलाखतीत सांगितलं की अर्ध्या सूटची कल्पना त्याची. लुबिचने तिच्यावर एक मजला चढवला. विक्रेता वरिष्ठाला विचारतो, तो मॅनेजरला, आणि मॅनेजर थेट मालकाला फोन लावून झोपेतून उठवतो. मालक संतापून नकार देतो. फोन ठेवून तो पलंगाकडे वळतो तेव्हा दिसतं, त्यानेही विजार घातलेली नाही!

पण हा चित्रपट पूर्ण पाहिला तर मधला भाग रेंगाळतो. बायकोची नवऱ्यावरची कुरघोडी लांबत जाते, आणि दुकानातल्या दोघांत जी बरोबरी होती ती हरवते. प्रसंग मात्र टिकला. २००६ च्या 'द हॉलिडे'मध्ये एक म्हातारा पटकथालेखक मीट-क्यूट म्हणजे काय हे समजावताना अर्ध्या नाईटसूटचंच उदाहरण देतो.