गणेश चतुर्थीच्या पूजासाहित्याची यादी (घरगुती)

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरी पार्थिव गणपती बसवताना लागणाऱ्या साहित्याचा आणि त्याच्या मापाचा हिशोब. घरात माणसे जास्त म्हणून सगळेच जास्त आणावे, असे होत नाही. काही जिनसा विधीप्रमाणे ठरतात, काही गणपती किती दिवसांचा त्यावर, आणि फक्त प्रसाद माणसांवर.

विधीचे साहित्य दोघांच्या घरात आणि बारा जणांच्या घरात सारखेच लागते. दूर्वा एकवीस लागतात, कारण दहा नावांनी दोन-दोन वाहून शेवटी एक वाहतात. पत्रीही एकवीस प्रकारची. याशिवाय एक जानवे, कापसाची वस्त्रे, पाच विड्यांसाठी दहा पाने व पाच सुपाऱ्या, आणि नारळ. मूर्ती मातीची असल्याने पंचामृताचा अभिषेक होत नाही, फुलाने शिंपडतात. त्यामुळे वाटीभर दूध आणि दही, तूप, मध, साखर चमचा-दोन चमचे एवढ्यात तीर्थासकट भागते. कापूर, वाती, तेल आणि ताजी फुले मात्र दिवसांवर मोजावीत. दीड दिवसात साधारण तीन आरत्या होतात.

उरले मोदक. पाच जणांचे घर, दीड दिवसाचा गणपती धरू. नैवेद्याला एकवीस मोदक, आणि तेच नंतर पानात येतात, म्हणजे माणशी चार. त्यासाठी दोन वाट्या तांदळाची पिठी, दोन मध्यम नारळ आणि खोवलेल्या खोबऱ्याच्या निम्मा चिरलेला गूळ पुरतो. आरतीला दहा पाहुणे येणार असतील तर माणशी दोन धरून सगळे दुप्पट करावे. दूर्वा दुप्पट आणण्याचे कारण नाही, तरी हौसेने आणल्या जातातच.

पुण्यात पत्री-फुलांसाठी मंडई, तर उपकरणी, पळी-पंचपात्रीसाठी तुळशीबाग. मुंबईत दादरचा फूलबाजार. तिथे भल्या पहाटे माल ताजा मिळतो. फुले आणि पत्री आदल्या दिवशी, कोरडे साहित्य आठवडाभर आधी घेतलेले बरे. तयार पत्रीच्या पुडीत एकवीस प्रकार क्वचितच असतात. बहुतेकदा चार-पाच झाडांचा पालाच मिसळलेला असतो, तेव्हा पुडी सोडवून पाहावी. दूर्वांच्या जुडीतही दुसरे गवत येते. शेंड्याला तीन पाती असलेली कोवळी दूर्वा निवडून ओल्या फडक्यात गुंडाळावी, नाहीतर सकाळपर्यंत पिवळी पडते.

गोव्यात हे गणित वेगळे. तिथे मूर्तीच्या वर माटोळी, म्हणजे फळे आणि रानवेलींनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात. तिला लागणारी फळे, रानातल्या वेली आणि नारळाचे घोस चौकटीच्या आकारावर ठरतात, घरातल्या डोक्यांवर नाही. चतुर्थीच्या आधी म्हापसा, फोंडा येथे माटोळीचा बाजार भरतो.