कापसाच्या खोलीतला आवाज

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या मामी दर उन्हाळ्यात बिबडे आणि उडदाचे पापड करून विकतात. यंदा त्यांना अर्ध्या मिनिटाची जाहिरात हवी होती, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवायला आणि आठवडे बाजाराच्या दिवशी रिक्षाच्या भोंग्यावर वाजवायला. नव्या घराच्या हॉलमध्ये, टेबलावर मोबाईल ठेवून, समोर उभं राहून त्यांनी ती रेकॉर्ड केली आणि मला ऐकवली. ऐकवताना स्वतःच म्हणाल्या, "आवाज मनाच शे, पन विहीरमाईन येस."

मोबाईलचा माइक खराब असेल, बाहेरचा माइक घ्यावा लागेल, असा घरच्यांचा समज झाला होता. खरी गोष्ट वेगळी होती. माइकने खोलीत जे होतं ते प्रामाणिकपणे टिपलं होतं.

मामींचा हॉल दहा बाय बाराचा. खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. अशा खोलीत तोंडातून निघालेला आवाज माइककडे दोन वाटांनी जातो. एक सरळ वाट. दुसरी भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटत येणारी, आणि ती एक नसते, शेकडो असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, त्यामुळे दीड मीटरवरच्या भिंतीवरून परतायला त्याला फक्त नऊ मिलिसेकंद लागतात. इतक्या लगेच आलेली नक्कल आपला मेंदू मूळ आवाजातच मिसळून टाकतो. शिवाय दोन कानांमुळे बोलणारा कुठे आहे ते कळतं आणि बाकीचं मागे पडतं. म्हणून समोरासमोर बोलताना हॉल घुमतोय हे जाणवत नाही. माइक एकच असतो आणि त्याच्यामागे मेंदू नसतो. तो सरळ आलेलं आणि आपटून आलेलं एकाच मापाने मोजतो.

नव्या रिकाम्या घरात आवाज घुमला की वास्तूत काहीतरी दोष आहे असं सांगणारी माणसं आपल्याकडे भेटतात. दोष कसला नसतो, गाद्या-गोधड्या अजून यायच्या असतात एवढंच.

हे गाद्यांचं गणित पहिल्यांदा मांडलं ते वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना. एकदा काढलेला आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची आणि स्टॉपवॉच घेऊन आवाज विरेपर्यंत मोजत बसायचं. मग आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. रस्ता शांत असावा म्हणून हे सगळं मध्यरात्रीनंतर चालायचं. त्यातून नियम निघाला: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ रेंगाळतो आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका कमी वेळ.

मामींच्या रिकाम्या हॉलसारख्या खोलीत हा वेळ दीड सेकंद सहज भरतो. त्याच गणिताने असं निघतं की तिथे तोंडापासून जेमतेम फूटभर अंतरावर सरळ आवाज आणि आपटलेला आवाज सारखे होतात. मामी अडीच फुटांवर उभ्या होत्या. तिथे आपटलेला आवाज सरळ आवाजाच्या सहा पट होता. अंतर निम्मं केलं की सरळ आवाजाची शक्ती चौपट होते, आपटलेला मात्र खोलीभर तेवढाच राहतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा: मोबाईल तोंडापासून सहा इंचांवर धरायचा. पैसे खर्च करून माइक आणला आणि तो अडीच फुटांवर ठेवला, तर तोही विहीरच टिपेल.

दुसरा उपाय मामींच्या जुन्या घरात होता. भाव येईल म्हणून मामांनी धाब्याच्या एका खोलीत कापूस भरून ठेवला होता, कमरेच्या वर ढीग. आवाज शोषणारी यापेक्षा चांगली वस्तू आपल्या भागात मिळणं कठीण. आवाज म्हणजे हवेच्या कणांचं पुढेमागे हलणं. भिंतीशी ते थांबतात आणि लाट परतते. कापसात मात्र हवा तंतूंच्या फटींतून आत शिरते, पुढेमागे होताना तंतूंना घासते, आणि त्या घासण्यात लाटेची शक्ती उष्णतेत जाते. उष्णता कळण्याइतकी नसते, कारण साध्या बोलण्याची शक्तीच वॅटच्या लाखाव्या भागाच्या आसपास. इथे जाडी महत्त्वाची. जाड आवाजाची लाट लांब असते, पातळ पडदा तिला अडवत नाही. ज्यांच्याकडे कापूस नाही त्यांनी दोन-तीन जाड गोधड्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगाव्यात. भिंतीलगत हवा हलतच नाही, म्हणून चिकटवलेली गोधडी कमी काम करते. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला फार फिरतो. ट्रेचा पुठ्ठा पातळ, त्यात घासायला काहीच नाही. आवाज थोडा इकडेतिकडे वळतो, जिरत नाही. आणि कापूस असो की गोधडी, बाहेरचा ट्रॅक्टर त्याने थांबत नाही. त्यासाठी पहाटेच बसावं लागतं, पंखा बंद करून.

आता वेग. मामींचा मजकूर होता सुमारे दोनशे अक्षरांचा, तीस सेकंदांसाठी. शब्द मोजू नयेत, मराठीत प्रत्यय लागून ते लांबतात, अक्षरं मोजावीत. सावकाश, सेकंदाला पाचच अक्षरं धरली, तरी एका अक्षराला सेकंदाचा पाचवा भाग मिळतो. दीड सेकंद घुमणाऱ्या खोलीत तेवढ्या वेळात मागच्या अक्षराची शक्ती फक्त सहाव्या भागावर येते, आणि पुढच्या अक्षराचं हलकं व्यंजन त्या शेपटाखाली दबतं. "सात" की "आठ" ते कळत नाही. कापसाच्या खोलीत तेवढ्याच वेळात हजारावा भागही जेमतेम उरतो. म्हणजे खोली सुधारली की तोच वेग जास्त स्पष्ट ऐकू येतो. तरी भोंगा गल्लीत पुन्हा घुमणारच, म्हणून आम्ही मजकूर एकशे तीस अक्षरांवर आणला. पापडांच्या जातींची यादी गाळली, फोन नंबर एकेक आकडा करत, दर तीन-चार आकड्यांनंतर श्वास घेऊन.

कापसाकडे तोंड करून मामी बसल्या. मोबाईलचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. ती कड ओठांपासून सहा इंचांवर, पण समोर नाही, गालाच्या बाजूला. समोर धरल्यावर "फोन करा"मधल्या "फो"ला फुंकर थेट माइकवर बसून धप्प असा आवाज येत होता. बाजूला नेल्यावर फुंकर पुढे निघून गेली.

कसं झालं ते इअरफोन लावून शेवटच्या शब्दावर तपासायचं. हॉलमधल्या रेकॉर्डिंगमध्ये "मिळतील" संपल्यावर "ईल" लोंबकळत राहत होतं. ते शेपूट नंतर कुठल्याही अ‍ॅपने नीट निघत नाही. पंख्याची घरघर आवाजापेक्षा वेगळी असते, ती बरीचशी वेगळी काढता येते. घुमणं ही आपल्याच आवाजाची नक्कल. ती कापताना शब्दांच्या कडाही कापल्या जातात. कापसाच्या खोलीतल्या चौथ्या प्रयत्नात "मिळतील" जिथे संपलं तिथेच संपलं. मामी अंगाला सुटलेली खाज चोळत बाहेर आल्या आणि रेकॉर्डिंग रिक्षावाल्याला पाठवून दिलं.