रिग्रेशनसाठी नमुना किती? f² आणि ‘९२’ची पार्श्वभूमी

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, मॅनेजमेंट या विषयांतले प्रबंध चाळले की नमुना-निवडीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं. पाच प्रेडिक्टर, मध्यम इफेक्ट साइझ म्हणजे f² ०.१५, अल्फा ०.०५, पॉवर ०.८०, म्हणून किमान नमुना ९२. तीन प्रेडिक्टर असतील तर ७७, आठ असतील तर १०९. गणित चोख असतं, परीक्षकही सहसा अडवत नाहीत. मात्र हा आकडा ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तोच प्रश्न आपण प्रबंधात विचारलाय का, हे फारसं कुणी तपासत नाही.

या साऱ्याची सुरुवात होते न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्यापासून. १९६२ साली त्यांनी अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या मानसशास्त्रीय नियतकालिकाचा १९६०चा खंड घेतला आणि त्यातल्या ७० लेखांना एकच प्रश्न लावला: परिणाम खरोखर मध्यम आकाराचा असता, तर तो या अभ्यासांच्या हाती लागण्याची शक्यता किती होती? या शक्यतेलाच पॉवर म्हणतात. सरासरी निघाली ०.४८. म्हणजे महिनोन्‌महिने खपून केलेला अभ्यास छाप-काट्याइतकाच भरवशाचा होता. संशोधक ‘सिग्निफिकंट’ आलं की नाही एवढंच बघत होते. मुळात ते येण्याची संधी किती आहे, याचा हिशोब कुणी मांडलाच नव्हता.

त्या हिशोबाची हत्यारं नव्हती, असंही नाही. पॉवरची कल्पना नेमन आणि पिअर्सन यांनी १९३०च्या आसपासच मांडली होती. पी. सी. टँग यांनी १९३८मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वर्तुळातून व्हेरियन्स-विश्लेषणाच्या पॉवरची कोष्टकं प्रसिद्ध केली. (सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी याच कॉलेजात १९३६मध्ये पीएच.डी. केली होती.) पण ही कोष्टकं वाचायची तर नॉन-सेंट्रल F वितरण समजायला हवं, आणि त्याआधी आपला परिणाम केवढा आहे तो एका आकड्यात सांगता यायला हवा. समाजशास्त्रीय संशोधकांचं घोडं इथेच अडत होतं.

कोहेन यांनी नेमकी हीच अडचण सोडवली. त्यांचं पॉवर-विश्लेषणाचं पुस्तक १९६९ साली आलं. त्याआधीच्या वर्षी त्यांनी एका लेखात दाखवून दिलं होतं की टी-टेस्ट, व्हेरियन्स-विश्लेषण, कोव्हेरियन्स-विश्लेषण हे सगळे मल्टिपल रिग्रेशनचेच अवतार आहेत. तरीही पुस्तकात रिग्रेशनचं स्वतंत्र प्रकरण यायला १९७७ची सुधारित आवृत्ती उजाडली, आणि f²चा आज सर्रास होणारा वापर तिथून सुरू झाला:

f² = R² / (1 − R²)

रिग्रेशनने जेवढा फरक समजावून सांगितला, त्याला न समजलेल्या फरकाने भागायचं, इतकं हे साधं आहे. R² ०.१३ असेल तर f² येतो सुमारे ०.१५. छोट्या परिणामासाठी ०.०२, मध्यमासाठी ०.१५ आणि मोठ्यासाठी ०.३५ असे टप्पे कोहेन यांनी ठरवले. मध्यम म्हणजे काळजीपूर्वक बघणाऱ्याच्या नजरेला सहज दिसेल एवढा, ही त्यांची कल्पना. हे टप्पे निसर्गाने घालून दिलेले नाहीत. दोन चलांमधल्या सहसंबंधासाठी १९६२मध्ये त्यांनी ०.४०ला मध्यम म्हटलं होतं, पुढे ते ०.३०वर आणलं. आणि ०.३०चा सहसंबंध f²मध्ये उतरवला तर जेमतेम ०.१० येतो, ०.१५ नाही! एकाच लेखकाचे दोन ‘मध्यम’ असे जुळत नाहीत. दुसरा काहीच आधार नसेल तेव्हाच हे टप्पे वापरा, असं त्यांनी स्वतः बजावलं होतं. पॉवर ०.८०चं मूळही असंच व्यवहारी आहे. नसलेला परिणाम आहे म्हणणं ही चूक असलेला परिणाम हुकण्याच्या चौपट गंभीर मानली, तर अल्फा ०.०५ला जोडून दुसऱ्या चुकीची मुभा ०.२० ठरते.

आता प्रेडिक्टरांच्या संख्येकडे वळू. नमुना पुरेसा आहे का हे λ या राशीवर ठरतं, आणि λ म्हणजे f² गुणिले नमुन्याची संख्या. ०.८० पॉवर हवी तर एका प्रेडिक्टरला λ किमान ७.८५ लागतो, पाचांना १२.८३, आठांना १५.०२. हे आकडे नमुना खूप मोठा असताना लागू पडतात. नमुना लहान असेल तर थोडा अधिक λ लागतो. यातली गंमत अशी की प्रेडिक्टर आठपट झाले तरी λ दुप्पटदेखील होत नाही. उलट f² ०.१५वरून ०.०२वर घसरला की नमुना सातपटीच्या आसपास फुगतो. कोहेन यांनी १९९२मध्ये एक छोटेखानी कोष्टक छापलं, त्यात पाच प्रेडिक्टरांसाठी मोठ्या परिणामाला ४२, मध्यमाला ९१ आणि छोट्याला ६४५ असे आकडे आहेत. हे ९१ म्हणजेच आपल्या ९२चा थोरला भाऊ. एकाचा फरक कोष्टकातल्या स्थूल गणिताचा.

‘दर प्रेडिक्टरमागे दहा माणसं’ हा आपल्याकडेही तोंडपाठ असलेला नियम इथेच कोलमडतो. दोन प्रेडिक्टर असताना तो २० माणसं मागतो. मध्यम परिणामालाही तिथे ६८ लागतात. सॅम्युएल ग्रीन यांनी १९९१मध्ये अशा ठोकताळ्यांची झडती घेतली आणि त्यातल्या त्यात बरा पर्याय सुचवला: पूर्ण मॉडेल तपासायचं तर ५० अधिक प्रेडिक्टरांची आठपट, एकेक प्रेडिक्टर तपासायचा तर १०४ अधिक प्रेडिक्टरांची संख्या. पाच प्रेडिक्टरांना हे अनुक्रमे ९० आणि १०९ होतात. पण हा नियमही परिणाम मध्यम असल्याचं गृहीत धरूनच चालतो. ग्रीन यांनी ते लपवलं नव्हतं. नियम उचलणारे मात्र ही अट मागे ठेवून फक्त सूत्र घेऊन गेले.

मग संगणक आले. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेल्या G*Power या पॉवर काढून देणाऱ्या मोफत प्रोग्रॅमची पहिली ओळख १९९६मध्ये झाली, आणि २००९च्या ३.१ आवृत्तीने रिग्रेशनचे पर्याय बरेच वाढवले. आर वापरणाऱ्यांसाठी `pwr` पॅकेज आहे:

```r
library(pwr)
pwr.f2.test(u = 5, f2 = 0.15, sig.level = 0.05, power = 0.80)
```

उत्तरात v ८५च्या थोडा वर येतो. घाईत असलेला विद्यार्थी तोच नमुना समजून ८६ लिहून मोकळा होतो. v हे डिग्रीज ऑफ फ्रीडम आहेत. ते वरच्या पूर्णांकात, ८६ करायचे आणि त्यात पाच प्रेडिक्टर अधिक एक मिळवायचा, तेव्हा ९२ होतात.

ही चूक निदान सहा माणसांचीच असते. खरी मोठी चूक G*Powerच्या मेनूत होते. `Linear multiple regression: Fixed model, R² deviation from zero` हा पर्याय विचारतो की पाचही प्रेडिक्टर मिळून काहीतरी सांगतात का. प्रबंधाचं गृहीतक बहुतेक वेळा वेगळंच असतं. समजा, शिक्षकांच्या कामातल्या थकव्याचा अभ्यास आहे. वय, अनुभव, वर्गाचा पट आणि रोजचा प्रवास हे चार घटक नियंत्रणासाठी, आणि मुख्य प्रश्न मुख्याध्यापकांच्या पाठिंब्याचा. चार घटक मिळून R² ०.२५ देतील आणि पाठिंबा धरल्यावर तो ०.२८ होईल, असं आधीच्या अभ्यासांवरून वाटतंय. इथे f² काढायचा तो वाढीचा:

f² = (0.28 − 0.25) / (1 − 0.28) = 0.042

पर्याय निवडायचा `R² increase`. तपासायचे प्रेडिक्टर एक, एकूण पाच. नमुना येतो १९०च्या आसपास, ९२च्या दुपटीहून जास्त. आणि ९२वरच थांबलो तर पाठिंब्याचा परिणाम सापडण्याची शक्यता उरते साधारण ०.४९, कोहेन यांनी १९६२मध्ये मोजली होती जवळपास तेवढीच. उलट दिशेचा गैरवापरही चालतो. हाच पर्याय निवडून f² मात्र पूर्ण मॉडेलचा ०.१५ ठेवला की ५५ माणसांत काम भागतं. चार घटक आधीच मॉडेलमध्ये असताना एकट्या प्रेडिक्टरने वरून एवढी भर घालणं ही फार मोठी अपेक्षा आहे, पण उत्तर सोयीचं म्हणून ते तसंच छापलं जातं.

स्कॉट मॅक्सवेल यांनी २०००मध्ये ही गाठ सर्वांत स्पष्ट सोडवून दाखवली. पाच प्रेडिक्टर घ्या. प्रत्येकाचा उत्तर-चलाशी सहसंबंध ०.३०, आणि प्रेडिक्टरांचा आपसातही ०.३०. कोहेन यांच्या भाषेत सगळं मध्यम. यातून R² येतो ०.२० आणि पूर्ण मॉडेलचा f² ०.२६, तो सिद्ध करायला साठ माणसं पुरतात. पण यातल्या कुठल्याही एका प्रेडिक्टरचा स्वतःचा हिस्सा काढला की f² ०.०२च्याही किंचित खाली जातो, कारण एकाचं सांगणं बाकीच्या चौघांनी आधीच बरंचसं सांगून टाकलेलं असतं. त्या एका गुणकासाठी ०.८० पॉवर हवी, तर नमुना लागतो ४१९.

नमुना कमी पडल्याच्या खुणा निकालाच्या तक्त्यातच दिसतात. पूर्ण मॉडेलचा F दणक्यात सिग्निफिकंट असतो, आणि खाली पाचपैकी एखाद-दुसऱ्याच गुणकावर तारा असतो. त्याच विषयावरच्या पुढच्या प्रबंधात तारा दुसऱ्याच गुणकावर जातो. मग चर्चेच्या प्रकरणात ‘आधीच्या संशोधनाशी विसंगत निष्कर्ष’ असं उपशीर्षक येतं आणि विसंगतीची कारणं संस्कृतीत, प्रदेशात, वयोगटात शोधली जातात. अशा वेळी आधी दोन्ही अभ्यासांच्या गुणकांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल शेजारी ठेवून बघावेत. साठ-नव्वदच्या नमुन्यांत ते इतके रुंद असतात की बहुतेकदा एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि मग समजावून सांगण्याजोगी विसंगती शिल्लक राहत नाही.