पाण्यावर तरंगणारी गाडी

पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय आणि कार ताशी ८० किलोमीटरने चाललीय. टायरची रुंदी २० सेंटीमीटर धरली, तर प्रत्येक चाकाच्या वाटेत सेकंदाला साधारण तेरा लिटर पाणी येतं. टायरचा जो तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याखालून हे पाणी निघून जायला वेळ किती? सेकंदाचा जेमतेम दीडशेवा भाग.

काही पाणी टायर पुढे आणि बाजूला उडवतो. उरलेलं खाचांमध्ये शिरतं. उभ्या खाचांमधून ते मागे जातं, आडव्या-तिरक्या खाचांमधून बाहेर फेकलं जातं. नव्या टायरच्या खाचा सुमारे आठ मिलिमीटर खोल असतात. रुंदीचा एक तृतीयांश भाग खाचांचा मानला, तर त्यांत पाण्यासाठी सुमारे ५३० चौरस मिलिमीटर वाट मिळते. समोरच्या पाण्याचा आडवा छेद आहे ६०० चौरस मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ सगळं पाणी खाचांतच मावतं. खाचा झिजून दोन मिलिमीटर उरल्या की वाट १३० वर येते. कोरड्या रस्त्यावर हाच टायर उत्तम पकडतो, म्हणून फसगत होते.

वाट न मिळालेलं पाणी टायरपुढे पाचरीसारखं अडकतं आणि त्याला वर उचलू लागतं. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट केला की दाब चौपट. पाचर हळूहळू टायरखाली सरकते आणि अखेर रबर रस्त्यापासून पूर्ण सुटतं. इंग्रजीतून आलेलं नाव अ‍ॅक्वाप्लेनिंग.

हे कोणत्या वेगाला घडेल, याचं सूत्र नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरील चाचण्यांतून मांडलं. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या आकड्याचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढून सुमारे १६.७ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. ३२ पीएसआयला ९४, पण हवा २४ वर उतरली असेल तर ८२. सूत्र गुळगुळीत टायर किंवा खाचांपेक्षा खोल पाणी गृहीत धरतं. चांगल्या खाचांचा टायर उथळ पाण्यात याहून जास्त वेग सोसतो. गाडीचं वजन यात कुठेच नाही, हे मला सर्वांत गमतीचं वाटतं. जड गाडीचा टायर रस्त्याला जास्त टेकतो, त्यामुळे दर चौरस इंचावरचा भार फारसा बदलत नाही.

गाडी तरंगू लागली की स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि पुढच्या चाकांना इंजिन जोडलेलं असेल तर आरपीएम अचानक चढतात. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर अलगद सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. जोरात ब्रेक मारून उपयोग नाही. एबीएस असलं तरी त्यालाही रस्त्याची पकड लागतेच. स्टिअरिंग वळवून ठेवलं आणि पकड परत आली, तर गाडी वळवलेल्या बाजूला झटक्यात फेकली जाते.

टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. झिजून रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायचा. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवावेत. मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं पुढची पकड सुटण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.