प्रायमर आणि पुट्टीचे हात (रंगाआधीची भिंत-तयारी)

प्रायमर आणि पुट्टी म्हणजे भिंतीला शेवटचा रंग लावायच्या आधी जे खालचे हात दिले जातात ते. पुट्टी गिलाव्यातले खड्डे, दाणे, थापीच्या रेघा भरून भिंत सपाट करते आणि प्रायमर भिंतीची शोषण्याची भूक मारून वरच्या रंगाला धरायला जागा देतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागात जुने पेंटर पुट्टीला अजूनही लांबी म्हणतात, आणि घरमालक दुकानात गेला की पहिला प्रश्न असतो "एका पिशवीत किती होतंय?" याचं एकच उत्तर नसतं कारण ते पिशवीपेक्षा भिंतीवर जास्त ठरतं.

इथं नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर बहुतेक व्हाईट सिमेंटची पुट्टी लागते, म्हणजे पावडर, पाण्यात कालवायची. तयार मलईसारखी ॲक्रिलिक पुट्टी डब्यात मिळते ती वेगळी. दोघींचा क्रम सारखा नाही आणि इथंच लोक गोंधळतात. सिमेंट पुट्टीखाली प्रायमर लागत नाही, उलट भिंत पाण्यानं ओली करून घ्यायची, पुट्टीचे दोन हात मारायचे, घासायचं आणि मग प्रायमर. ॲक्रिलिकला आधी प्रायमर, मग पुट्टी, मग परत प्रायमर. जुन्या ऑइल पेंटवर किंवा डिस्टेंपरवर तशीच सिमेंट पुट्टी ओढली तर ती धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे निघतात, त्यामुळं जुना रंग आधी खरवडून काढावाच लागतो. चुन्याचे थरावर थर असलेली जुनी घरं खानापूरच्या गावांत अजून बरीच आहेत, तिथं पण तेच.

किती लागतं, आणि का

चांगल्या गुळगुळीत गिलाव्यावर सिमेंट पुट्टी दोन हातांसाठी किलोला साधारण 20 चौरस फूट चालते असं कंपन्या सांगतात, म्हणजे 40 किलोच्या पिशवीत 800 चौरस फूट. हा आकडा खोटा नाही, पण तो कुठल्या भिंतीचा आहे ते बघायला पाहिजे. एक किलो पावडर कालवली की साधारण पाऊण लिटर ओली पुट्टी होते. ती 20 चौरस फुटांवर पसरली तर थर येतो जवळपास 0.4 मिलिमीटर. दोन हात मिळून एवढाच! म्हणजे कंपनीनं धरलेली भिंत इतकी सपाट आहे की तिला अर्धा मिलिमीटर पण भरावं लागत नाही.

आता स्पंज मारून सोडलेला एम-सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, खरबरीत गिलावा घ्या. नदीची वाळू मिळायची मारामार झाल्यापासून एम-सँडचा वापर वाढलाय, आणि तिचे दाणे टोकदार असतात, गवंड्यानं चाळली नसली तर दाण्या-दाण्यांमधली दरी सरासरी अर्धा मिलिमीटर सहज निघते. ती आधी भरायची आणि वर तो 0.4 चा थर, म्हणजे झाले 0.9. खप दुपटीच्या वर गेला, किलोला 20 च्या जागी 9 चौरस फूट. भिंत बघून कुणाला वाटत पण नाही की दुप्पट लागेल, कारण अर्धा मिलिमीटर डोळ्याला फार मोठा दिसतच नाही.

प्रायमरचं मात्र तसं नाही. पुट्टीला खड्डा भरायचा असतो, प्रायमर त्याच खड्ड्यावर चादर टाकतो. त्याचा थर इतका पातळ की तो उंचवटा-खळग्यांच्या आकारानंच बसतो, त्यामुळं खरबरीतपणानं पृष्ठभाग थोडा वाढतो तेवढाच त्याचा खप वाढतो. प्रायमर खरा खाते ती भिंतीची शोषण्याची भूक. पाण्यात मिसळायचा पांढरा वॉल प्रायमर एका हाताला लिटरला साधारण 100 ते 140 चौरस फूट जातो, आणि घासून पिठासारखी झालेली कच्ची पुट्टी असली किंवा कोरडा उघडा गिलावा असला तर 80 वर पण येतो. म्हणून खरबरीत भिंतीवर पुट्टी न मारता "प्रायमर दोन हात जास्त मारू" हा सल्ला कामाचा नाही, दाणे दिसणारच, फक्त पांढरे दिसतील.

लिटर म्हणजे डब्यातला, पाणी घालायच्या आधीचा. डब्यावर जेवढं पाणी सांगितलंय त्यापेक्षा जास्त ओतून "एका डब्यात अख्खं घर केलं" म्हणणारे पेंटर असतात, भिंत पांढरी दिसते पण चिकट घटक इतका पातळ झालेला असतो की वाळल्यावर हात फिरवला तर हाताला पांढरं लागतं. असल्या प्रायमरवर कितीपण महाग रंग मारा, तो पुट्टीच्या भुकटीला धरून बसलेला असतो.

भिंत मोजायची कशी

सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे नमुना काढणं, आणि थोडंसंच काम असून फार कमी लोक करतात. खोलीतला सगळ्यात चांगला कोपरा नाही, नेहमीसारखा दिसणारा भाग निवडायचा, 2 फूट बाय 5 फूट खडूनं आखायचं, म्हणजे 10 चौरस फूट. दीड किलो पावडर तोलून घ्या, किलोला 360 ते 380 मिली पाणी, म्हणजे साधारण 550 मिली, गुठळी मोडेपर्यंत फेटा, दहा मिनिटं ठेवा, परत एकदा हलवा. भिंत ओली करून पत्र्यानं पहिला हात खालून वर ओढा, उरलेली पुट्टी तोला. दुसऱ्या दिवशी ताजा घाणा करून दुसरा हात, परत तोला. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची असते, त्यामुळं कालचा घाणा पाणी घालून परत चालवू नका, ते सिमेंट आहे, एकदा बसायला लागलं की त्यातली ताकद गेली. कालवलेल्या वजनातून उरलेलं वजा केलं की भिंतीवर गेलेली ओली पुट्टी कळते, ती 1.37 नं भागली की पावडरचं वजन निघतं.

एक खोली धरूया, 10 बाय 12, उंची 10 फूट, निपाणीकडच्या नव्या घरातली, भिंती स्पंज फिनिशच्या. चार भिंतींचे 440 चौरस फूट, त्यातून एक दार 21 आणि एक खिडकी 16 वजा, राहिले 403. स्लॅबची खालची बाजू 120, ती प्लायवर ओतलेली आणि बऱ्यापैकी सपाट. नमुन्यात पहिल्या हाताला 780 ग्रॅम पावडर गेली आणि दुसऱ्याला 310, मिळून 1090 ग्रॅम, म्हणजे किलोला 9 च्या आसपास. भिंतींना 45 किलो धरा. स्लॅबला किलोला 18 धरलं तरी 7 किलो. बादलीत चिकटणारी, खाली पडणारी, घासताना उडणारी असं काही 8-10 टक्के वरचं. एकूण 57 किलो, म्हणजे एक 40 ची आणि एक 20 ची पिशवी. पिशवीवरच्या हिशेबानं हीच खोली 26 किलोत झाली असती, आणि मालकानं एकच मोठी पिशवी आणून "उरणार बघा" म्हटलं असतं. प्रायमर 523 चौरस फुटांना, लिटरला 120 नं साडेचार लिटरच्या आत, 4 लिटरचा एक डबा आणि वर एक लिटर.

पहिला हात दुसऱ्याच्या अडीच पट खातोय हे लक्षात घ्या, खळगे सगळे त्यातच भरतात. पहिल्यालाच दुसऱ्याइतकं कमी लागलं तर एकतर भिंत खरंच गुळगुळीत आहे किंवा पेंटरनं ती नुसती पुसली आहे. भांडणं इथंच होतात: मटेरियलसकट दर ठरवला असेल तर पेंटरला पुट्टी वाचवायची असते, मजुरीवर असेल तर त्याला पिशव्यांची चिंता नसते. माझ्या मते नमुना दोघांसमोर काढून मगच दर बोलावा.

भरायची मर्यादा

सिमेंट पुट्टी दोन्ही हात मिळून साधारण 1.5 मिलिमीटरपर्यंतच. त्यापुढं जाड भरली की वाळताना आकसते आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. लांब ॲल्युमिनियमचा रंधा भिंतीला आडवा लावून मागून बॅटरी मारा, खालून उजेड कुठं कुठं येतो ते दिसेल. 3-4 मिलिमीटरचं पोट किंवा खड्डा निघाला तर तो गवंड्याचा दोष, पुट्टीनं झाकायचा नाही, तिथं आधी सिमेंट-वाळूचा पातळ हात किंवा जाड दाण्याची लेव्हलिंग पुट्टी लागते. भिंत दाणेदार असणं आणि भिंत वाकडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किलोचा हिशेब फक्त पहिलीचा लागतो.

पाऊस आणि ऊन

आपल्याकडं सगळ्यांना रंग गणपतीच्या आधी पाहिजे असतो, म्हणजे ऐन पावसात. खानापूरकडं पाऊस जोरात, भिंत बाहेरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा, रात्रभर ठेवा, सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालची भिंत गडद झाली तर पुट्टी थांबवा. आतून ओल धरलेल्या भिंतीवरची पुट्टी नंतर फुगते आणि पांढरे क्षार बाहेर येतात. नव्या गिलाव्याला तर पाणी मारून झाल्यावर वाळायला वेळ द्या, एकूण 28 दिवस तरी.

अथणी, रायबागकडं उलटं. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली भिंत पुट्टीतलं पाणी क्षणात ओढून घेते, सिमेंटला बसायला पाणीच राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी बोटानं घासलं की पीठ पडतं. पेंटर अशा वेळी पुट्टीत जास्त पाणी घालतो, ते चुकीचं, पाणी भिंतीवर मारायचं असतं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, भिंत ओली पण पाणी ओघळत नाही अशी करून काम धरायचं. सुकी सोडलेली भिंत पुट्टी पसरू पण देत नाही, पत्रा अडकतो, हात जाड बसतो, आणि खप वाढतो तो वेगळाच.

घासणं

दुसरा हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासतात. जाड पेपरनं दाबून घासलं तर नुकताच बसवलेला 0.4 मिलिमीटरचा थर दाण्यांच्या टोकांवरून निघून जातो आणि गिलाव्याचे करडे ठिपके वर येतात. ठिपके दिसले तर तिथं पुट्टी परत लावायची, प्रायमरनं ते भागत नाही. घासून झाल्यावर भुकटी सुक्या फडक्यानं किंवा ब्रशनं खाली उतरवल्याशिवाय प्रायमर लावू नये. तपासायला साधी सेलोटेप भिंतीवर दाबून झटक्यात ओढा, टेपवर पांढरी पावडर आली तर अजून झाडा, आणि झाडून पण येतच राहिली तर पुट्टीच कच्ची आहे, ती खरवडावी लागेल.

उरलेली पिशवी तोंड घट्ट बांधून फळीवर ठेवायची, फरशीवर नाही. पावसाळी हवेत उघडी राहिली की त्यात गुठळ्या धरतात, आणि असली पावडर चाळून वापरली तरी दुसऱ्या हाताला घेऊ नये, बारीक खडे पत्र्याखाली येतात आणि भिंतीवर उभ्या रेघा उठतात.